प्रश्नपत्रिकेचीही तपासणी : काठिण्य आणि भेदनक्षमता

परीक्षा झाली, उत्तरपत्रिका तपासल्या, गुण फलकावर लागले, की परीक्षेचे काम संपले असे सर्वसाधारणपणे समजले जाते. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न सोडवला आणि कोणता चुकला, हे आपण बारकाईने पाहतो. परंतु विचारलेला प्रश्न स्वतः बरोबर होता की नाही, हे पाहण्याची पद्धत आपल्या बहुतेक शाळांतून नाही. वर्गातील बहुसंख्य मुलांचे एखादे उत्तर चुकले, तर “मुलांचा अभ्यास कमी पडला” हा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो. वास्तविक त्या चुकीची तीन निरनिराळी कारणे संभवतात. मुलांनी अभ्यास केला नसेल, आपण तो भाग नीट शिकवला नसेल, किंवा प्रश्नच सदोष असेल. या तिन्हींवरचे उपाय भिन्न आहेत आणि कारण चुकीचे ठरवले, तर त्याची किंमत विद्यार्थी मोजतो.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज स्वतः शिक्षक आहेत आणि अनेक पालकांची मुले शिष्यवृत्तीसारख्या परीक्षांची तयारी करीत आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने परीक्षेनंतर प्रश्नांचे विश्लेषण कसे करावे, हे एका उदाहरणाच्या आधारे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी लागते ती केवळ बेरीज, वजाबाकी आणि भागाकार. एक कोरा कागद, एक पेन्सिल आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एवढ्या सामग्रीवर हे काम एका संध्याकाळी पूर्ण होते.

दोन मोजमापे

प्रत्येक प्रश्नाविषयी आपल्याला दोन गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात. पहिली, हा प्रश्न किती जणांना जमला? दुसरी, तो कोणाला जमला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो तो काठिण्य निर्देशांक. १०० पैकी ६० विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर आले, तर तो ०.६० होतो. येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. नाव काठिण्याचे असले, तरी हा आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा असतो. ०.९५ म्हणजे अतिशय सोपा आणि ०.२० म्हणजे अतिशय कठीण. नावामुळे नवख्या शिक्षकाचा येथे हमखास गोंधळ होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो तो भेदनक्षमता निर्देशांक. ज्या मुलांना संपूर्ण चाचणीत चांगले गुण मिळाले त्यांना हा प्रश्न अधिक जमला, की ज्यांना कमी गुण मिळाले त्यांना? चांगला प्रश्न विषय समजलेल्या आणि न समजलेल्या मुलांमध्ये फरक दाखवतो. दोन्ही गटांनी सारखीच उत्तरे दिली, तर निर्देशांक शून्य येतो. वरच्या गटातील सर्वांचे बरोबर आणि खालच्या गटातील सर्वांचे चूक असेल, तर तो १ येतो. आणि कमी गुणांच्या गटालाच प्रश्न अधिक जमला असेल, तर तो ऋण येतो. हा ऋण आकडा म्हणजे प्रश्नाकडे पुन्हा पाहा, अशी दिलेली सूचना होय.

गट कसे पाडावेत

समजावून सांगण्यासाठी आम्ही एक वर्ग कल्पिला आहे. इयत्ता आठवी, विषय भूगोल, विद्यार्थी ३७. चाचणीत २० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, प्रत्येकी एक गुण.

प्रथम ३७ उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावाव्यात. त्यांपैकी वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के उत्तरपत्रिका वेगळ्या काढाव्यात. ३७ चे २७ टक्के म्हणजे ९.९९, अर्थात १०. म्हणून वरच्या दहा, खालच्या दहा आणि मधल्या सतरा असे तीन गठ्ठे होतात.

२७ टक्के हाच आकडा का, असा प्रश्न साहजिकच पडेल. टोकाचे अगदी थोडे विद्यार्थी घेतले, तर दोन गटांतील फरक ठळक दिसतो. परंतु संख्या लहान राहिल्यामुळे आकडा डळमळीत होतो. अधिक विद्यार्थी घेतले, तर आकडा स्थिर होतो. परंतु गटांतील फरक पुसट होतो. या दोहोंमध्ये उत्तम तोल २७ टक्क्यांच्या आसपास साधतो, हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये गणिताने दाखवून दिले. तेव्हापासून हाच प्रघात पडला आहे. मात्र वर्गात पंचवीस-तीसच मुले असतील, तर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोनच गट करणे सोयीचे ठरते.

दहाव्या जागेवर सारख्याच गुणांचे दोन विद्यार्थी आले, तर चिठ्ठी टाकून एकाची निवड करावी. कोणत्या विद्यार्थ्याचे कोणते उत्तर बरोबर आहे, हे पाहून निवड केली, तर आकडा आपल्याच हाताने बिघडतो.

आकडेमोड

आता प्रत्येक प्रश्नासाठी दोन रकाने आखून, दोन्ही गटांतील किती जणांनी कोणता पर्याय निवडला, याच्या उभ्या रेघा मारीत जावे. केवळ बरोबर उत्तरांची संख्या न नोंदवता चारही पर्यायांची नोंद करावी. या थोड्या अधिक कष्टाचे फळ पुढे दिसेल. सूत्रे अशी आहेत :

काठिण्य निर्देशांक = (वरच्या गटातील बरोबर + खालच्या गटातील बरोबर) ÷ दोन्ही गटांतील एकूण विद्यार्थी

भेदनक्षमता निर्देशांक = (वरच्या गटातील बरोबर − खालच्या गटातील बरोबर) ÷ एका गटातील विद्यार्थी

वेळ असेल, तर काठिण्य निर्देशांक सर्व ३७ उत्तरपत्रिकांवरून काढावा, तो अधिक अचूक येतो. भेदनक्षमतेसाठी मात्र दोन टोकांचे गट पुरेसे आहेत.

आमच्या उदाहरणातील वीस प्रश्नांपैकी चार प्रश्न येथे घेतो.

| प्रश्न | वरचा गट (१० पैकी बरोबर) | खालचा गट (१० पैकी बरोबर) | काठिण्य | भेदनक्षमता |
|---|---|---|---|---|
| ४. भारताची प्रमाण वेळ कोणत्या रेखावृत्तावरून ठरते? | १० | ९ | ०.९५ | ०.१० |
| ९. ७८° पूर्व रेखावृत्तावरील गावाची स्थानिक वेळ | ८ | ३ | ०.५५ | ०.५० |
| १२. सापेक्ष आर्द्रता | ३ | २ | ०.२५ | ०.१० |
| १७. आंबिया बहाराचा हंगाम | ३ | ५ | ०.४० | −०.२० |

मापनशास्त्रज्ञ रॉबर्ट ईबेल यांनी भेदनक्षमतेसाठी दिलेली एक पट्टी जगभर वापरली जाते. ०.४० व त्याहून अधिक म्हणजे उत्तम प्रश्न, ०.३० ते ०.३९ म्हणजे चांगला, परंतु सुधारणेस वाव असलेला; ०.२० ते ०.२९ म्हणजे काठावरचा. आणि त्याखाली म्हणजे टाकून देण्याजोगा किंवा मुळातून बदलण्याजोगा. ही पट्टी डोळे मिटून लावली, तर वरील चारपैकी फक्त नववा प्रश्न उरतो आणि बाकीचे तीन बाद होतात. परंतु प्रत्यक्षात त्या तिघांची कथा एकमेकांहून अगदी निराळी आहे. ती एकेक करून पाहू.

चौथा प्रश्न : सोपा, तरी आवश्यक

भारताची प्रमाण वेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरते, हे वीसपैकी एकोणीस जणांना आले. एकच विद्यार्थी चुकला, तो खालच्या गटातला. म्हणून भेदनक्षमता ०.१० आली. परंतु वीसपैकी एकच जण चुकला असता, यापेक्षा मोठी भेदनक्षमता येऊच शकत नाही. आलेला आकडा हाच कमाल आकडा आहे. प्रश्न जितका सोपा किंवा जितका कठीण, तितकी भेदनक्षमतेला जागा कमी उरते. तिला पुरेसा वाव मिळतो तो मध्यम काठिण्याच्या प्रश्नांत. चार पर्यायांच्या प्रश्नात केवळ अंदाजाने ०.२५ पर्यंत आकडा येतोच. म्हणून ०.२५ आणि १ यांच्या मधोमध, म्हणजे ०.६० च्या थोडे वर, काठिण्य असलेले प्रश्न विद्यार्थ्यांमधील फरक सर्वांत स्पष्ट दाखवतात.

मग चौथा प्रश्न काढून टाकावा काय? ते चाचणी कशासाठी घेतली यावर अवलंबून आहे. निवड करण्यासाठी, गुणवत्ता यादी लावण्यासाठी परीक्षा घेतली असेल, तर असा प्रश्न तेथे काही काम करीत नाही. परंतु घटक चाचणीचा हेतू शिकवलेले समजले की नाही हे पाहण्याचा असतो. सर्व मुलांना यावी अशी गोष्ट सर्वांना आली, तर ते शिकवण्याचे यश आहे. तो प्रश्न ठेवावा.

नववा प्रश्न : चांगला, आणि बोलका

अमरावती जिल्ह्यातून ७८° पूर्व हे रेखावृत्त जाते. या रेखावृत्तावरील गावाची स्थानिक वेळ भारतीय प्रमाण वेळेच्या तुलनेत कशी असेल, असा नववा प्रश्न होता. दोन रेखावृत्तांतील अंतर साडेचार अंशांचे आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे. म्हणून फरक १८ मिनिटांचा. गाव पश्चिमेस असल्यामुळे वेळ १८ मिनिटे मागे. नोंद अशी निघाली :

| पर्याय | वरचा गट | खालचा गट |
|---|---|---|
| १८ मिनिटे मागे (बरोबर) | ८ | ३ |
| १८ मिनिटे पुढे | २ | ५ |
| साडेचार मिनिटे मागे | ० | २ |
| ३० मिनिटे मागे | ० | ० |

भेदनक्षमता ०.५० म्हणजे प्रश्न उत्तम. परंतु चारही पर्यायांची नोंद ठेवल्यामुळे त्याहून मोलाची माहिती हाती आली. खालच्या गटातील पाच मुलांनी “१८ मिनिटे पुढे” निवडले. म्हणजे त्यांना अंशांची वजाबाकी येते, चाराने गुणणेही येते. त्यांना समजलेली नाही ती केवळ दिशा. पूर्वेकडे सूर्य आधी उगवतो म्हणून तेथील घड्याळ पुढे, ही एक गोष्ट पृथ्वीगोल हातात घेऊन दहा मिनिटांत पक्की करता येते. या पाच मुलांना संपूर्ण धडा पुन्हा शिकवण्याचे कारण नाही. “साडेचार मिनिटे” लिहिणाऱ्या दोघांची अडचण मात्र वेगळी आहे. त्यांना अंशांचे मिनिटांत रूपांतर करावयाचे असते, हेच ठाऊक नाही. निवासी शाळेत सायंकाळच्या अभ्यासिकेत अशा दोन-पाच मुलांना वेगळे बसवता येते. परंतु कोणाला कशासाठी बसवावयाचे, हे या तक्त्यावाचून कळत नाही.

शेवटचा पर्याय कोणीच निवडला नाही. जो चुकीचा पर्याय कोणालाही पटत नाही, तो असून नसल्यासारखा. त्यामुळे हा प्रश्न प्रत्यक्षात तीनच पर्यायांचा झाला. पुढील खेपेस त्या जागी “साडेचार मिनिटे पुढे” घातले, तर प्रश्न अधिक नेटका होईल.

बारावा आणि सतरावा : एकाच लक्षणाची दोन दुखणी

आता उरलेले दोन प्रश्न एकमेकांशेजारी ठेवून पाहू. दोन्हींत वरच्या गटातील दहापैकी केवळ तिघांचे उत्तर बरोबर आले. आकड्यांवरून दोन्ही प्रश्न वाईट दिसतात.

बारावा प्रश्न असा होता : “हवेतील बाष्पाचे प्रमाण तेवढेच राहून तापमान वाढले, तर सापेक्ष आर्द्रता –”

| पर्याय | वरचा गट | खालचा गट |
|---|---|---|
| वाढते | १ | ३ |
| कमी होते (बरोबर) | ३ | २ |
| तेवढीच राहते | ६ | ३ |
| शून्य होते | ० | २ |

सतरावा प्रश्न संत्र्याच्या बागेला दिलेल्या क्षेत्रभेटीवर आधारलेला होता : “संत्र्याच्या आंबिया बहाराचा हंगाम कोणता?”

| पर्याय | वरचा गट | खालचा गट |
|---|---|---|
| जानेवारी-फेब्रुवारी (उत्तरसूचीनुसार बरोबर) | ३ | ५ |
| जून-जुलै | ० | २ |
| सप्टेंबर-ऑक्टोबर | ० | २ |
| नोव्हेंबर-डिसेंबर | ७ | १ |

दोन्ही तक्त्यांत वरच्या गटातील मुले एकाच “चुकीच्या” पर्यायावर एकवटलेली दिसतात. बाराव्यात सहा, सतराव्यात सात. अभ्यासू मुले जेव्हा विखुरलेली न दिसता एकाच चुकीच्या उत्तरावर गोळा होतात, तेव्हा त्यामागे काही कारण असतेच. ते शोधण्यासाठी विचारावयाचा प्रश्न एकच : त्या उत्तराचे समर्थन करता येते काय?

बाराव्या प्रश्नात ते करता येत नाही. उष्ण हवा अधिक बाष्प सामावून घेऊ शकते. २०° सेल्सियसला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, तर ३०° ला सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे १७ ग्रॅम बाष्प असलेली हवा २०° ला पूर्ण संपृक्त असते. तीच ३०° पर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता शेकडा ५७ च्या आसपास उतरते. बाष्प तेवढेच, परंतु प्रमाण कमी. “तेवढीच राहते” म्हणणाऱ्या सहा जणांनी सापेक्ष आर्द्रता आणि निरपेक्ष आर्द्रता यांची गल्लत केली आहे. चांगल्या मुलांचीच ही गल्लत झाली, याचा अर्थ तो भाग वर्गात नीट पोहोचला नाही. येथे प्रश्न निर्दोष आहे. दुरुस्ती अध्यापनात हवी. हा प्रश्न “भेदनक्षमता कमी” म्हणून काढून टाकला, तर शिकवण्यातील उणीव दाखविणारा आरसाच फोडल्यासारखे होईल.

सतराव्या प्रश्नात परिस्थिती उलट आहे. आंबिया बहाराची फुले येतात ती जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास. परंतु त्याची फळे तोडणीस येतात ती साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरात. “हंगाम” हा शब्द आपल्याकडे दोन्ही अर्थांनी वापरला जातो. वरूड-मोर्शीकडच्या शेतकऱ्याला “आंबियाचा हंगाम कधी?” असे विचारले, तर माल बाजारात येण्याचे महिनेच तो सांगण्याचा संभव अधिक. ज्या मुलांनी क्षेत्रभेटीत बागाईतदाराचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले, ज्यांच्या घरी तोडणीच्या दिवसांची धांदल असते, त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर लिहिले. ज्यांनी वहीतील एकच ओळ पाठ केली, त्यांना गुण मिळाला. निर्देशांक ऋण आला तो यामुळे. प्रश्नाने अधिक जाणणाऱ्यालाच शिक्षा केली.

याची दुरुस्ती सोपी आहे. “आंबिया बहारासाठी संत्र्याच्या झाडाला फुले साधारणतः कोणत्या महिन्यांत येतात?” असे विचारले, की संदिग्धता उरत नाही.

परंतु झालेल्या परीक्षेचे काय? दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत, हा येथे न्याय्य मार्ग दिसतो. तसे केल्यास वरच्या गटातील दहाही आणि खालच्या गटातील सहा उत्तरे बरोबर ठरतात, काठिण्य ०.८० आणि भेदनक्षमता ०.४० होते. वरच्या गटातील सात जणांचा एकेक गुण परत येतो. वीस गुणांच्या चाचणीत एक गुण म्हणजे शेकडा पाच. क्रमांक बदलण्यास तेवढा पुरतो. मात्र आकडा सुधारतो म्हणून उत्तर ग्राह्य धरावयाचे नसते, तर त्या उत्तराचे समर्थन विषयाच्या आधारे करता येते म्हणून. हाच हिशेब बाराव्या प्रश्नाला लावला असता, तर “तेवढीच राहते” हे चुकीचे उत्तर बरोबर ठरविण्याचा प्रमाद घडला असता.

आकडे कोठे पाहावे ते सांगतात, काय करावे ते सांगत नाहीत, ही या साऱ्या विवेचनातील मुख्य गोष्ट आहे. निर्णय विषयाच्या ज्ञानाने, प्रश्न पुन्हा वाचून, त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाला दाखवून आणि दोन-तीन मुलांना “तू हे उत्तर का निवडलेस?” असे मोकळेपणाने विचारून घ्यावयाचा असतो. मोठ्या परीक्षांतूनही हे तत्त्व मान्य झालेले आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षेनंतर प्रथम अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते, तिच्यावर आक्षेप मागवते आणि त्यांचा विचार करून मगच अंतिम उत्तरसूची जाहीर करते. शाळेच्या चाचणीलाही असा एक दिवस द्यावयास हरकत नाही.

आकडे कोठे फसवतात

लहान वर्गात हे आकडे फार काटेकोर धरू नयेत. दहा-दहाच्या गटात एका मुलाने एक उत्तर बदलले, की भेदनक्षमता ०.१० ने वर किंवा खाली जाते. म्हणून ०.२० चा प्रश्न वाईट आणि ०.३० चा चांगला, असा भेद ३७ मुलांच्या वर्गात करता येत नाही. तो फरक एका मुलाच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचाही असू शकतो. ऋण किंवा शून्याजवळचा आकडा आणि वरच्या गटाचे एकाच चुकीच्या पर्यायावर एकवटणे, एवढीच लक्षणे अशा वर्गात विश्वासाने वाचावीत.

दुसरी अडचण वेळेची. प्रश्नपत्रिकेच्या शेवटच्या तीन-चार प्रश्नांची भेदनक्षमता अनेकदा फार चांगली दिसते. तेथे कोरी सोडलेली उत्तरे वेगळी मोजावीत. खालच्या गटातील बहुतेकांनी ते प्रश्न सोडवलेच नसतील, तर तो आकडा विषयाच्या समजुतीचा नसून लिहिण्याच्या व वाचण्याच्या वेगाचा असतो. घरी कोरकू, गोंडी किंवा अन्य भाषा बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील लांब प्रश्न वाचण्यास अधिक वेळ लागतो. तो भूगोलात कच्चा आहे, असे त्यावरून ठरत नाही.

तिसरी अडचण मूळ गटांचीच. “वरचा गट” आपण याच चाचणीच्या गुणांवरून ठरवतो. वीसपैकी सहा-सात प्रश्न सदोष असतील, तर वरच्या गटात कोण आले हेच भरवशाचे राहत नाही. अशा वेळी सदोष प्रश्न वगळून गुणांची पुन्हा बेरीज करावी, गट नव्याने पाडावेत आणि मग उरलेल्या प्रश्नांचे आकडे पुन्हा काढावेत.

दीर्घोत्तरी प्रश्नांसाठी

आपल्या परीक्षांत केवळ बहुपर्यायी प्रश्न नसतात. चार गुणांच्या प्रश्नाला बरोबर-चूक अशी विभागणी लागू पडत नाही. तेथे मुलांच्या संख्येऐवजी मिळालेले गुण घ्यावेत. वरच्या दहा जणांना त्या प्रश्नात मिळून ३१ गुण आणि खालच्या दहा जणांना १४ गुण पडले, असे समजा. प्रत्येक गटाला मिळू शकणारे कमाल गुण ४०. तर काठिण्य म्हणजे (३१ + १४) ÷ ८० = ०.५६ आणि भेदनक्षमता म्हणजे (३१ − १४) ÷ ४० = ०.४३ (०.४२५ चे पूर्णांकन). मात्र “खालीलपैकी कोणतेही दोन सोडवा” अशा प्रश्नांना ही रीत लावू नये. कोणी कोणता उपप्रश्न निवडला, यावर तेथे सारे अवलंबून असते आणि दोन गटांची तुलना समान पायावर होत नाही.

नोंद ठेवण्याची रीत

एकदा काढलेले आकडे निकालपत्रकाबरोबर कपाटात गेले, तर श्रम वाया जातात. प्रत्येक प्रश्नासाठी पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद घ्यावा. पुढच्या बाजूस प्रश्न, चार पर्याय आणि बरोबर उत्तर. मागच्या बाजूस इयत्ता, घटक, परीक्षेची तारीख, दोन्ही गटांची पर्यायनिहाय संख्या, दोन निर्देशांक आणि “ठेवला”, “शब्द बदलला”, “पुन्हा शिकवले” यांपैकी एक शेरा. निर्देशांकाबरोबर मूळ संख्याही अवश्य लिहाव्यात. कारण तोच प्रश्न दोन वर्षांनी दुसऱ्या वर्गाला दिला, तर दोन्ही वर्षांच्या संख्यांची बेरीज करता येते. दहाचे गट वीसचे होतात, तिसऱ्या वेळी तीसचे; आणि लहान वर्गामुळे डळमळीत असलेला आकडा हळूहळू स्थिर होतो. शब्द बदललेल्या प्रश्नाचे मात्र नवे कार्ड करावे. तो आता वेगळा प्रश्न झालेला असतो.

अशी शंभर-दोनशे कार्डे जमली, की शाळेची स्वतःची प्रश्नपेढी उभी राहते. तिच्यातून पुढील चाचणी काढताना किती प्रश्न सोपे, किती मध्यम आणि किती कठीण हवेत, हे आधीच ठरवता येते आणि पेपर “सोपा गेला” किंवा “अवघड निघाला” याचा उलगडा निकालाच्या दिवशी होत नाही.

पालकांसाठी शेवटी एवढेच. पालक सभेत “माझ्या मुलाला किती गुण पडले?” हे आपण विचारताच. त्याबरोबर “जो प्रश्न वर्गातील बहुतेकांचा चुकला, तो कोणत्या कारणाने चुकला?” हेही विचारावे. ज्या शिक्षकाजवळ वर दाखविल्यासारखा तक्ता तयार असेल, तो या प्रश्नाला नेमके उत्तर देऊ शकेल. मुलाने कोणता भाग पुन्हा करावा, आपण कोणता भाग पुन्हा शिकवणार आहोत आणि कोणत्या प्रश्नाचा गुण मुलाला परत दिला आहे, हे तिन्ही तो वेगवेगळे सांगेल.